‘पिशवी काढली’चं इंग्रजी कोणी केलं?

*मॅडम, मी समाजशास्त्रात पीएच.डी. करते आहे, तिसरं वर्ष. विषय ऊसतोड करणाऱ्या बायका. मुलाखती, फील्डच्या वह्या, वाचनाची टिपणं, सगळं मराठीत आहे आणि प्रबंध इंग्रजीत द्यायचा आहे. माझं इंग्रजी बेताचंच. गेले चार महिने मी टिपणं टाइप करून एका एआय चॅटबॉटकडून इंग्रजी करून घेते आणि तेच प्रकरणांत वापरते. परवा मैत्रीण म्हणाली, हे कॉपीत धरतात, सापडलीस तर रजिस्ट्रेशन जाईल. तेव्हापासून झोप नाही. गाइड सरांना विचारायचं धाडस होत नाही. मी नियम मोडलाय का?*

*– एक संशोधक विद्यार्थिनी, मराठवाडा*

रजिस्ट्रेशनचं आधी सांगते, म्हणजे निदान आज रात्री झोपशील.

तुझी मैत्रीण ज्या नियमाबद्दल बोलते आहे तो विद्यापीठ अनुदान आयोगाचा 2018 सालचा नियम. प्रबंधातला मजकूर आधीच्या कुणाच्या लिखाणाशी किती जुळतो, त्यावर त्यात पायऱ्या ठरवल्या आहेत. 10 टक्क्यांपर्यंत जुळला तर दंड नाही. 10 ते 40 टक्के जुळला तर ठरवून दिलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, दुरुस्त करून परत द्यायचा. 40 ते 60 मध्ये सापडलं तर वर्षभर सुधारित प्रबंध सादर करता येत नाही. 60 टक्क्यांच्या वर गेलं तरच नोंदणी रद्द होते. तू तुझ्याच वहीचं इंग्रजी केलंस. ती वही आजवर कुठे छापलेली नाही, त्यामुळे सॉफ्टवेअरला ती जुळवायला दुसरा मजकूरच सापडणार नाही. भाषांतर माणसाकडून करून घ्यावं की यंत्राकडून, यावर त्या नियमात एक अक्षर नाही.

पण एवढ्यावर सुटलीस असं समजू नकोस. त्याच नियमात वाङ्मयचौर्याची व्याख्या आहे: दुसऱ्याचं काम किंवा कल्पना स्वतःची म्हणून मांडणं. कल्पनाही त्यात आली, आणि कल्पना भाषा बदलली तरी तीच राहते. शिवाय प्रबंध देताना तू एक हमीपत्र लिहून देणार आहेस, की हा दस्तऐवज मी तयार केला आहे आणि तो माझं मूळ काम आहे. त्या कागदावर सही करताना तुझा हात अडखळायला नको. तो अडखळेल की नाही हे तू भाषांतर कशाने केलंस यापेक्षा कशाचं केलंस यावर ठरेल. तुझ्या पत्रात ‘टिपणं’ हा एकच शब्द आहे, पण त्यात तीन निरनिराळ्या माणसांचं बोलणं आलंय: तुझं स्वतःचं, तू वाचलेल्या लेखकांचं, आणि त्या बायांचं.

तुझ्या स्वतःच्या बोलण्याचं लवकर आटपते. आज फडावर काय दिसलं, कोपीत चूल कुठे होती, कोण बोललं नाही, मला काय वाटलं, हे तू लिहिलंस आणि त्या चॅटबॉटमागच्या मॉडेलने त्याचं इंग्रजी केलं. हे तुझंच आहे. पूर्वी मुलं इंग्रजीच्या मास्तरांकडून हेच करून घ्यायची आणि ऋणनिर्देशात त्यांचं नाव घालायची. आता पद्धतीच्या प्रकरणात दोन ओळी घाल, मसुदा खाली देते. एक गोष्ट मात्र जप: मराठी वही टाकू नकोस. ‘हे यंत्राने लिहिलंय’ असं सांगणारी सॉफ्टवेअरं आता फिरताहेत आणि ती इंग्रजी मातृभाषा नसलेल्या माणसाच्या लिखाणावर फार सहज शिक्का मारतात. 2023 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी हे तपासलं होतं; परदेशी विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेल्या इंग्रजी निबंधांपैकी निम्म्याहून जास्त त्या साधनांनी यंत्राचे ठरवले. उद्या कुणी असा शिक्का तुझ्यावर मारला तर चहाचे डाग पडलेली, तारखा घातलेली वही हाच तुझा पुरावा आहे.

आता वाचनाच्या टिपणांकडे येऊ. चोरीचा खरा धोका इथे आहे, आणि तो तुझ्या लक्षातही येणार नाही अशा वाटेने येतो.

वाचताना आपण टिपणं कशी काढतो ते आठव. पानाच्या वरती लेखकाचं नाव आणि वर्ष. खाली दोन वाक्यं जशीच्या तशी, अवतरणचिन्हात. मग त्याच मुद्द्याचा आपल्या शब्दांत सारांश. मग समासात ‘पण माझ्या गावात असं नाही’ असं आपलं मत, कधी कंसात, कधी बाण काढून. पृष्ठ क्रमांक कोपऱ्यात. वहीत हे सगळं डोळ्यांना वेगवेगळं दिसतं. टाइप करताना बाण जातो, समास जातो, घाई असली तर कंसही जातो. मग तो सगळा मजकूर मॉडेलला दिलास की ते त्याचा एक गुळगुळीत परिच्छेद करून देतं, कारण वाक्याला वाक्य नीट जोडणं हेच त्याला येतं. लेखकाचं वाक्य, तुझा सारांश आणि तुझं मत एकाच सुरात बोलू लागतात. सहा महिन्यांनी तू तो परिच्छेद प्रकरणात चिकटवतेस तेव्हा त्यातलं कुठलं वाक्य कुणाचं हे तुलाही सांगता येत नाही. सॉफ्टवेअर चार टक्के दाखवतं, सगळे खूश होतात, आणि परीक्षकांमध्ये नेमका तो लेखक वाचलेला माणूस निघतो.

यातला आणखी एक चकवा इंग्रजी पुस्तकांचा. तू इंग्रजी पुस्तक वाचून टिपण मराठीत काढतेस (मीही तेच करायचे, डोक्यात मराठीच चालतं) आणि ते टिपण पुन्हा इंग्रजी करून घेतेस. म्हणजे लेखकाचं वाक्य इंग्रजीतून मराठीत जाऊन परत इंग्रजीत येतं, पण तेच वाक्य येत नाही, त्याचा मावसभाऊ येतो. त्याला अवतरणचिन्ह लावलंस तर लेखकाने जे लिहिलंच नाही ते त्याच्या तोंडी घातलंस. चिन्ह न लावता, संदर्भ न देता ठेवलंस तर त्याचा विचार उचललास. म्हणून अवतरण घ्यायचं ते मूळ पुस्तक समोर उघडून, पृष्ठ क्रमांकासह, मूळ इंग्रजीत. दुसरी वाट नाही.

उपाय जुनाच आहे, आणि तो टाइप करण्याआधीचा आहे. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक अक्षर लिही: लेखकाचे शब्द असतील तर ‘ले’, तुझा सारांश असेल तर ‘सा’, तुझं मत असेल तर ‘मी’. पुढे पृष्ठ क्रमांक. मॉडेलला फक्त ‘सा’ आणि ‘मी’च्या ओळी दे, तेही वेगवेगळ्या खेपेला. चार महिन्यांत जे आधीच मिसळून गेलंय ते सोडवायला एकच रस्ता आहे: इंग्रजी परिच्छेद बाजूला ठेव, वही काढ आणि वहीवरून पुन्हा बांध. त्यात आठवडा-दोन आठवडे जातील, ते जाऊ देत.

आता त्या बायांचं बोलणं. तुझ्या पत्रातला हा भाग मला सगळ्यात जास्त खुपला, कारण तू त्याबद्दल काही विचारलंच नाहीस. नियम मोडला का एवढंच विचारलंस. पण प्रबंधात सगळ्यात जास्त वजन याच शब्दांना आहे, आणि भाषांतरात तेच सगळ्यात सहज बिघडतात.

तुझ्या मुलाखती मी पाहिलेल्या नाहीत, तेव्हा मीच एक तुकडा रचते. बीडकडची बाई कोपीपुढे बसून कशी बोलेल तसा:

*पोटात दुखायचं. मग पिशवी काढली. खाडा झाला की कापून घेतात. अर्ध्या कोयत्याला कोण नेतं?*

चार छोटी वाक्यं. असा तुकडा मॉडेलला दिला की चांगलं, व्याकरणशुद्ध इंग्रजी मिळतं. ते इथे मराठीत उलटून सांगते, म्हणजे काय झालं ते दिसेल: ‘माझ्या पोटात दुखत असल्यामुळे मी गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. मी गैरहजर राहिले तर मुकादम माझे पैसे कापतो. अर्धवेळ काम करणाऱ्या मजुराला कोणी नेत नाही.’

वाचायला किती बरं वाटतं! पण मूळ वाक्यांशेजारी ठेवून बघ.

बाई म्हणाली, ‘दुखायचं. मग काढली.’ यात ‘मग’ आहे, ‘म्हणून’ नाही. दुखण्यामुळे काढली, डॉक्टर म्हणाला म्हणून काढली, की हंगामात पाळीचे खाडे नकोत म्हणून काढली, हे तिने सांगितलेलं नाही. मॉडेलने ‘असल्यामुळे’ घालून कारण ठरवून टाकलं. ऊसतोड बायांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांवरून 2019 मध्ये विधिमंडळात चर्चा झाली, सरकारने चौकशी समिती नेमली, आणि वाद मुख्यतः याच कारणावर होता. ज्या प्रश्नाचं उत्तर शोधायला तू फील्डवर गेलीस, त्याचं उत्तर तुझ्या आधी यंत्राने देऊन टाकलं.

‘काढली’ मध्ये कुणी काढली हे नाही. ‘करून घेतली’ म्हटल्यावर निर्णय तिचा झाला. मराठीत असा कर्ता न सांगता बोलता येतं, आणि दबलेली माणसं तर तसंच बोलतात. इंग्रजी वाक्याला कर्ता लागतोच, निदान ‘केली गेली’ असं तरी म्हणावं लागतं. मॉडेलपुढे दोन वाटा असतात आणि ते जी जास्त वेळा वाचलेली, ती धरतं.

‘कापून घेतात’ यात तर सरळ भरच पडली. कोण कापतं? कारखान्याकडून उचल मुकादमाकडे किंवा वाहतूकदाराकडे येते, त्याच्याकडून ती कोयत्याला मिळते, आणि हंगामाच्या शेवटी टनावर हिशेब होऊन ती फिटते किंवा अंगावर राहते. या साखळीत पैसे कुठे कापले जातात हे एक अख्खं प्रकरण होऊ शकतं. बाई फक्त ‘घेतात’ म्हणाली. ‘मुकादम’ हा शब्द तिच्या वाक्यात नाही. तो शब्द अवतरणचिन्हात प्रबंधात छापलास तर समाजशास्त्रात त्याला बनावट पुरावा म्हणतात, मग तो तू रचलास की यंत्राने, याने फरक पडत नाही. वाङ्मयचौर्यापेक्षा हा दोष मोठा, आणि तो कुठल्याही सिमिलॅरिटी रिपोर्टमध्ये येत नाही.

शेवटचं वाक्य घे. तुला ठाऊकच आहे, कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे, नवरा-बायकोची जोडी. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. मॉडेलला हत्यार माहीत असतं, जोडी बहुधा माहीत नसते. मग ‘अर्धा’ शब्दाला काही अर्थ द्यायचा म्हणून ते कधी अर्धवेळ मजूर करतं, कधी मोडका विळा करतं. आणि बाईने प्रश्न विचारला होता, ‘कोण नेतं?’ त्याचं सपाट विधान झालं. त्या प्रश्नात जो कडवटपणा होता तो गेला.

मॉडेल वाईट आहे असं मी म्हणत नाही. ‘पिशवी’चं ते गर्भाशय बरोबर करतं, पुष्कळदा; ‘बॅग काढली’ असं करणाऱ्या जुन्या साधनांपेक्षा फार पुढे आहे. अडचण तीच आहे. जुनी साधनं चुकली की वाक्य वेडंवाकडं दिसायचं आणि आपण थांबायचो. आताची चूक गोड इंग्रजीत येते आणि डोळा तिच्यावरून घसरून जातो. इंग्रजी बेताचं असलं की आणखीच, कारण एवढं सफाईदार वाक्य आपल्याला दुरुस्त करायचा धीरच होत नाही.

मग करायचं काय? पहिलं म्हणजे सगळ्या मुलाखतींचं भाषांतर करणं थांबव. त्याची गरजच नाही. कोडिंग, म्हणजे मुलाखतीतल्या ओळींना विषयवार खुणेचे शब्द देणं, मराठी मजकुरावर कर. ‘खाडा’, ‘उचल’, ‘अर्धा कोयता’ हेच कोड ठेव, त्यांना इंग्रजी नावं नंतर देता येतील. विश्लेषण मराठीत झालं की प्रबंधात प्रत्यक्ष येणारे उतारे किती? चाळीस मुलाखतींतून साठ-सत्तर, तेही तीन-चार ओळींचे. तेवढ्यांचंच इंग्रजी करायचं आहे. एवढं काम तू हाताने करू शकतेस. मॉडेल मदतीला घेतलंस तरी एकेक ओळ तपासता येईल इतकंच ते आहे.

तपासायची माझी रीत सांगते. वहीत किंवा एक्सेलमध्ये तीन रकाने कर: मूळ ओळ, मॉडेलचा मसुदा, तू नक्की केलेलं इंग्रजी. ओळींना क्रमांक घाल आणि परत येताना ओळींची संख्या तेवढीच आहे का ते मोज. लांब मजकूर दिला की मॉडेल पुन्हा पुन्हा आलेली वाक्यं गुपचूप एकत्र करतं, आणि बाई तीच गोष्ट तीनदा म्हणाली हे तुझ्या हातून निसटतं. शिव्याही सौम्य होतात, त्या परत घाल. मग प्रत्येक ओळीत बघ: मुळात नसलेला कर्ता आला का, नसलेलं कारण आलं का, प्रश्नाचं विधान झालं का, आणि धंद्याचा शब्द सपाट झाला का. कर्ता नाहीच असं वाटलं तर इंग्रजीतही तो मोकळा ठेवता येतो, कर्मणी वाक्याने, किंवा चौकोनी कंसात ‘कोण ते सांगितले नाही’ अशी नोंद देऊन. ‘कोयता’, ‘उचल’, ‘खाडा’, ‘मुकादम’ हे शब्द इंग्रजी मजकुरातही तसेच ठेव, तिरप्या अक्षरांत, आणि सुरुवातीला शब्दसूची जोड.

आणखी एक युक्ती आहे, ती मला एका विद्यार्थ्याने शिकवली. तीच ओळ नव्या खिडकीत, आगचंमागचं काही न सांगता, तीन वेळा द्यायची. तिन्ही वेळा कर्ता वेगळा आला, एकदा मुकादम, एकदा कारखाना, एकदा नुसतं ‘ते’, तर समजावं की मूळ वाक्यच उघडं आहे आणि तिथे आपण अर्थ ठरवायचा नाही. तिन्ही वेळा तेच आलं म्हणजे मात्र बरोबर आलं असं नव्हे. यंत्र तीच चूक तीनदाही करतं. संशय कुठे घ्यावा हे कळण्यापुरतीच ही युक्ती आहे.

आणि दहातला एक उतारा दोन्ही भाषा जाणणाऱ्या, ऊसतोडीची बोली ओळखणाऱ्या माणसाला दे. तुझं इंग्रजी त्याला दाखवू नकोस. त्याला त्याचं करू दे, मग दोन्ही शेजारी ठेव. जिथे फरक पडेल तिथे त्या बाईचं रेकॉर्डिंग पुन्हा ऐक.

मला हे का एवढं टोचतं ते सांगते. काही वर्षांपूर्वी एका प्रबंधाची बहिस्थ परीक्षक म्हणून मी तोंडी परीक्षेला गेले होते, विषय वेगळा होता पण फील्ड मराठीतलं. एका उताऱ्यावर बोट ठेवून मी मुलाला म्हटलं, हे आजी मराठीत कसं म्हणाल्या ते सांग. तो गप्प. वही होती, पण वसतिगृहात. भाषांतर एका ओळखीच्या मुलीने केलं होतं, त्याने ते तपासलंही नव्हतं. तेव्हा एआय नव्हतं, हे लक्षात घे. त्याला पदवी मिळाली, उतारे दुरुस्त करून घेतले आम्ही. पण त्या खोलीतली ती शांतता मला अजून आठवते. म्हणून तुझ्या प्रबंधाच्या परिशिष्टात प्रत्येक उताऱ्याचं मूळ मराठी, देवनागरीत, छाप. पाच-सहा पानं वाढतील. पुढे प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, गेला की मराठवाड्यातली कुणीतरी मुलगी तो उघडेल आणि तिला तुझं इंग्रजी तपासून पाहता येईल.

आता सगळ्यात अवघड गोष्ट, जिच्यात तू खरोखर नियम मोडला असण्याची शक्यता आहे. मुलाखतीआधी तू बायांकडून संमतीपत्रावर सही किंवा अंगठा घेतला असशील. ते पत्र काढ आणि वाच. बहुतेक पत्रांत ‘ही माहिती फक्त संशोधक व मार्गदर्शक यांच्याकडे राहील’ अशी ओळ असते. चॅटबॉटच्या खिडकीत टाकलेला मजकूर तुझ्या संगणकावर राहत नाही, एका कंपनीच्या सर्व्हरवर जातो, आणि फुकटच्या खात्यांत तो पुढे मॉडेल शिकवायला वापरला जाऊ शकतो. त्या मजकुरात बाईचं नाव, गाव, टोळीच्या मुकादमाचं नाव आणि तिची शस्त्रक्रिया एकत्र होती का? असेल तर तू तिला दिलेला शब्द मोडला आहेस. तिला त्याचा पत्ताही नाही.

झालेलं पुसता येत नाही, पण आवरता येतं. त्या खात्यातले जुने संवाद आजच काढून टाक आणि सेटिंगमध्ये प्रशिक्षणासाठी वापर बंद कर. काढून टाकण्याआधी मात्र काय काय दिलं होतं त्याची यादी करून ठेव, ती लागेल. यापुढे मजकूर बाहेर जाण्याआधी नावाऐवजी क्रमांक, गावाऐवजी ‘गाव 3’, मुकादमाऐवजी ‘मुकादम 2’. वर्णनावरूनही माणूस ओळखू येतो हे विसरू नकोस: एका वस्तीवर जुळ्या मुली असलेली बाई एकच असते. शस्त्रक्रियेबद्दलचे उतारे तर मी बाहेर पाठवणारच नाही, ते हातानेच कर. इंटरनेटशिवाय स्वतःच्या संगणकावर चालणारी मॉडेलंही आहेत. आयआयटी मद्रासच्या एआय4भारत गटाचं इंडिकट्रान्स2 हे खुलं भाषांतर-मॉडेल आहे, त्यात मराठी आहे. विभागातल्या संगणकवाल्या मुलाला बसवायला सांग. बोलीभाषेवर ते अडखळेल, पण मजकूर घरातच राहील.

पद्धतीच्या प्रकरणात घालायचा परिच्छेद असा काहीसा कर, इंग्रजी तुझं तू कर:

*मुलाखती मराठीत घेतल्या व मराठीतच कोड केल्या. प्रबंधात दिलेल्या उताऱ्यांपैकी काहींचा पहिला इंग्रजी मसुदा लँग्वेज मॉडेलच्या साहाय्याने केला (साधनाचे नाव, आवृत्ती, वापराचा काळ). ओळख पटेल असा तपशील त्याआधी काढला होता. प्रत्येक उतारा संशोधकाने मूळ मराठीशी ताडून दुरुस्त केला; काही उतारे दुसऱ्या द्वैभाषिक वाचकाकडून स्वतंत्रपणे तपासून घेतले. मूळ उतारे परिशिष्टात दिले आहेत. विश्लेषणासाठी अशा साधनाचा वापर केलेला नाही.*

यातलं जे तू केलं नसशील ते लिहू नकोस. ‘ओळख काढली होती’ हे चार महिन्यांच्या जुन्या मजकुराबद्दल खरं नसेल, तर तसं लिहावं लागेल, आणि ते कसं लिहायचं हे सरांबरोबर ठरवावं लागेल. यातून लेख काढून नियतकालिकाला पाठवशील तेव्हा त्यांचा एआयबद्दलचा नियम वेगळा वाच, प्रत्येकाचा निराळा असतो. तुझ्या विद्यापीठाने या विषयावर स्वतःचं परिपत्रक काढलं असेल तर ते मी वर सांगितलेल्या सगळ्याच्या वर. पीएच.डी. विभागात जाऊन लेखी मागून घे. ‘तसं काही नाही’ असं खिडकीवर तोंडी सांगितलं तर तेही ईमेलने विचारून उत्तर जपून ठेव.

जाता जाता एक: समाजशास्त्राचा प्रबंध मराठीत देण्याची मुभा महाराष्ट्रातल्या कित्येक विद्यापीठांत आहे. इंग्रजीच का, हे तुला कुणी सांगितलं, की तूच गृहीत धरलंस? नोंदणीच्या कागदांत बघ. तिसऱ्या वर्षात भाषा बदलणं कटकटीचं आहे, अर्ज, समितीची मान्यता वगैरे, पण विचारायला हरकत नाही.

आता सरांचं. चार महिने त्यांना काही सांगितलं नाहीस, पण हमीपत्राच्या शेजारी त्यांचंही प्रमाणपत्र लागणार आहे, की माझ्या मार्गदर्शनाखालचं हे काम वाङ्मयचौर्यमुक्त आहे. म्हणजे तू जे लपवशील त्यावर त्यांची सही होणार. पुढच्या प्रगती अहवालाच्या आधी, याच आठवड्यात, वेळ मागून घे. ‘सर, माझं चुकलं’ अशी सुरुवात नको. संमतीपत्राची प्रत, तू केलेली ती यादी आणि तीन रकान्यांत मांडलेले पाच उतारे बरोबर ने आणि म्हण: ‘सर, भाषांतर मी असं करत होते, आता असं करायचं ठरवलंय, आणि संमतीपत्राच्या बाबतीत माझ्याकडून हे झालंय.’ नीतिसमितीला कळवायचं की नाही ते ते सांगतील. ओरडले तर ऐकून घे. तिसऱ्या रकान्यात पेन्सिलने दुरुस्त्या करायला लागले, की समज, बोलणं कामावर आलं.